कडेला उरलेलं: अर्धवट स्क्रीनशॉट कसा वाचावा

“काका, हे काय येतंय बघा ना.” एका ओळीचा निरोप आणि खाली कापून पाठवलेलं चित्र. घरात, सोसायटीत किंवा ऑफिसात ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा लौकिक असतो, त्याच्या फोनवर असे निरोप सणवार न पाळता येत असतात. चित्राच्या मध्यभागी इंग्रजीतला एखादा संदेश असतो आणि पाठवणाऱ्याच्या मते तेवढंच कामाचं असतं. बाकीचा पसारा त्याने कधी नीटनेटकेपणासाठी, कधी खाजगीपणासाठी कापलेला असतो. पण मध्यभागी दिसणारा तो संदेश हजारो लोकांना, हजार कारणांनी, अगदी अक्षरशः तसाच दिसतो. याच माणसाचं नेमकं काय अडलंय ते कळायचं असेल, तर कात्रीतून सुटून कडेला उरलेल्या गोष्टींकडेच बघावं लागतं: अर्धा कापलेला टॅब, कोपऱ्यातली वेळ, वर डोकावणारं अ‍ॅपचं नाव.

सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने, म्हणजे ‘पुट्टी’ हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने, 1999 साली बिघाड कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. सॉफ्टवेअरच्या जगात तो आजही नवशिक्यांच्या हाती दिला जातो. त्याच्या म्हणण्याचा गाभा साधा आहे: तुम्ही काय केलंत, काय दिसेल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय दिसलं, हे तिन्ही सांगा. स्क्रीनशॉट यातली फक्त तिसरी गोष्ट सांगतो. पहिल्या दोन गोष्टींचे थोडेफार माग राहतात ते चित्राच्या कडांवर.

मात्र या मागांची विश्वासार्हता सारखी नसते. यंत्राची अवस्था कडांवरून बरीच खात्रीने कळते: घड्याळ बरोबर आहे का, नेट चालू आहे का, पान ब्राउझरमध्ये उघडलंय की दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात. माणसाचा हेतू मात्र अंदाजानेच कळतो. मदत करणाऱ्याची फसगत होते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या अंदाजाला पहिल्याइतकंच पक्कं समजल्यामुळे.

तीन घड्याळं

आलेल्या स्क्रीनशॉटसोबत बहुधा एकाहून जास्त वेळा येतात. एक चित्रातच दिसते, फोनच्या वरच्या पट्टीत किंवा विंडोजच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. दुसरी फाइलच्या नावात असते. तिसरी म्हणजे निरोप ज्या क्षणी पोचला ती. कित्येकदा चौथीही मिळते: पानावरच छापलेली व्यवहाराची किंवा मेलची वेळ. एकेकटी वेळ फारसं सांगत नाही, पण दोन वेळांमधलं अंतर पुष्कळ सांगतं.

यूपीआयचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात अशा मदतीचा मोठा हिस्सा अडकलेल्या पैशांचा असतो. चित्रात ‘Pending’ असं लिहिलंय, व्यवहाराची वेळ सायंकाळी 7:42 आणि फोनच्या पट्टीतली वेळ 7:43. माणूस बहुधा अजून दुकानातच उभा आहे. मागे रांग आहे, दुकानदार ‘आले नाहीत’ म्हणतोय आणि प्रश्न एकच आहे: पुन्हा पैसे पाठवू का? त्याला हवं असलेलं उत्तरही एका ओळीचं आहे. बँकेचा मेसेज आणि शिल्लक बघा, पैसे गेलेले दिसत असतील तर तेच पेमेंट लगेच पुन्हा करू नका, शक्य असेल तर आत्ता रोख द्या. आता तेच चित्र, तीच 7:42 ची नोंद, पण फोनच्या पट्टीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 11:10. हा माणूस दुकानातून केव्हाच घरी आलेला आहे. त्याला आता पैसे परत कधी आणि कसे मिळतील ते हवंय.

त्याचं उत्तर नियमात आहे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवताना ते कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांत ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे समोरचा ‘दुकानदार’ होता की ‘माणूस’ हेही चित्रातून बघावं लागतं. इथे एक गोची आहे. अनेक छोटे दुकानदार स्वतःच्या साध्या बचत खात्याचाच क्यूआर लावतात, त्यामुळे चित्रात माणसाचं नाव दिसलं तरी तो व्यवहार भाजीचा असू शकतो. मुदत मात्र व्यवहार कुठल्या प्रकारात नोंदला गेला त्यावर ठरते.

व्यवहाराची वेळच कापली गेली असेल, तर बारा अंकी संदर्भ क्रमांक कामी येतो. त्यातला पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते. क्रमांक 5163 ने सुरू होत असेल तर तो 2025 सालचा 163 वा दिवस, म्हणजे 12 जून. ‘कालच पाठवले हो’ म्हणणाऱ्याचं चित्र आठवड्यापूर्वीचं निघतं ते असं. त्यात तो खोटं बोलत असतो असं नाही. गॅलरीतून चुकीचं चित्र निवडलं गेलेलं असतं.

तारीख वाचताना आणखी एक सावधगिरी लागते. भारतीय मांडणी लावलेल्या विंडोजमध्ये 12 जून ही तारीख 12-06-2025 अशी दिसते. पण कित्येक यंत्रांवर मूळची अमेरिकी मांडणी तशीच राहिलेली असते आणि तीच तारीख 6/12/2025 अशी येते. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत हा गोंधळ पकडता येत नाही. तेराव्या दिवशी तो आपोआप सुटतो. तिरप्या रेघा आणि पुढे शून्य नसलेला महिना दिसला, तर अमेरिकी मांडणीचा संशय घ्यावा. न्यू जर्सीतल्या मुलाने पुण्यातल्या आईवडिलांच्या चित्रातली वेळ वाचताना तर साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतरही हिशेबात धरायला हवं. चित्रातली वेळ पाठवणाऱ्याची असते, निरोपाखाली दिसणारी वेळ स्वतःच्या फोनची.

कोणत्या खिडकीतून?

अ‍ॅपचं नाव ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण. ती पडद्यावर नसली तरी फाइलच्या नावात असू शकते. सॅमसंगचे फोन स्क्रीनशॉटच्या नावातच अ‍ॅप लिहितात: `Screenshot_20250612_194310_Chrome.jpg`. शाओमीचे फोन त्याच जागी अ‍ॅपचं आतलं नाव घालतात: `com.whatsapp` किंवा `com.android.chrome`. अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीसारखं फोटो म्हणून पाठवलं की हे नाव जातं आणि अँड्रॉइडवर त्या जागी `IMG-20250612-WA0007.jpg` असं काहीतरी येतं. त्यातली तारीखही चित्र काढल्याची नसून व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यागेल्याची असते. म्हणूनच जाणकार लोक ‘फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगतात. नाव टिकतं आणि अक्षरंही फुटत नाहीत.

आयफोनवर आणखी एक सूक्ष्म खूण असते. 2015 च्या आयओएस 9 पासून, एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेलं की वर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आणि आधीच्या अ‍ॅपचं नाव येतं. बँकेसारख्या दिसणाऱ्या पानाच्या वर `◀ Messages` असं बारीक अक्षरांत दिसलं, तर तो माणूस या पानावर एसएमएसमधल्या लिंकवरून आलेला आहे. प्रश्न ‘पासवर्ड चालत नाही’ असा असला तरी पहिलं उत्तर ‘थांबा, काहीही भरू नका’ हेच असायला हवं. आधी पानाचा पत्ता तपासायचा, पासवर्डचं नंतर. एवढीशी खूण कापली गेली तर मदत करणारा पासवर्ड बदलायच्या पायऱ्या सांगत बसतो आणि त्या पायऱ्या एखाद्या भामट्याच्या पानावर पार पडतात.

खिडकी ओळखण्याचं सगळ्यात उपयुक्त उदाहरण लॉगिनचं आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर आलेली लिंक दाबली की ती पुष्कळदा ब्राउझरमध्ये न उघडता त्याच अ‍ॅपच्या आतल्या छोट्या खिडकीत उघडते. तिथे टॅब नसतात. डावीकडे फुली आणि उजवीकडे तीन ठिपके, एवढाच थाट. माणसाला वाटतं तो क्रोममध्ये आहे. मग तो ‘Sign in with Google’ दाबतो आणि पडद्यावर येतं `Error 403: disallowed_useragent`. त्याचं खातं ठीक असतं, पासवर्डही ठीक असतो. अशा आतल्या खिडक्यांमध्ये ते अ‍ॅप टाइप केलेला पासवर्ड वाचू शकतं, म्हणून गूगलने 2017 पासून तिथून साइन-इन करणं बंद केलं. उपाय एकच: तीन ठिपके दाबून पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायचं. संदेशाचा वरचा भाग कापला गेला तरी फुली आणि टॅबचा अभाव या दोन खुणांवरून आतल्या खिडकीचा संशय घेता येतो.

‘मी तर आधीच लॉगिन केलंय, तरी परत विचारतंय’ या तक्रारीचंही मूळ बऱ्याचदा हेच असतं. आतल्या खिडकीला क्रोममधलं लॉगिन माहीत नसतं. पण वरून तशीच दिसणारी दुसरी एक खिडकी असते, जी अ‍ॅपच्या आत दिसली तरी प्रत्यक्षात क्रोमच चालवतो. तिच्या तीन ठिपक्यांच्या यादीत तळाशी क्रोमचं नाव लिहिलेलं असतं आणि तिला जुनं लॉगिन कळतं. फक्त फुली बघून निकाल दिला तर इथे चूक होते. यादी उघडून काढलेलं दुसरं चित्र मागवावं लागतं.

उघडे टॅब

लॅपटॉपवरच्या स्क्रीनशॉटमध्ये सगळ्यात बोलकी असते ती वरची टॅबची रांग. पडद्यावरची बाकीची खूण ‘आत्ता’ची असते, टॅब मात्र गेल्या तासाभराचा प्रवास मागे ठेवतात. नावं अर्धी कापलेली असली तरी छोटी चिन्हं ओळखू येतात आणि क्रमही दिसतो. एखाद्या पानावरची लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की तो सहसा मूळ टॅबच्या शेजारीच येतो, तर धन-चिन्ह दाबून उघडलेला टॅब उजव्या टोकाला जातो. त्यामुळे मधे घुसलेला टॅब शेजारच्या पानावरून आलेला असावा आणि टोकाचा टॅब माणसाने काहीतरी शोधण्यासाठी मुद्दाम उघडलेला असावा, असा अंदाज करता येतो.

टॅब दोन गोष्टी सांगतात. पहिली, माणसाने काय काय करून बघितलं. एकाच चुकीच्या संदेशाचे तीन शोध उघडे असतील तर त्याला ‘गूगल करून बघ’ सांगणं निरर्थक, आणि बहुधा अपमानास्पद. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते: शेजारचे टॅब हे तुलनेचं आयतं साधन असतात. एक पान उघडत नाही पण बाजूची चार उघडलेली दिसतात, तर दोष नेटचा नाही. सगळ्याच टॅबवर नावाऐवजी नुसता पत्ता किंवा चुकीचं चिन्ह असेल, तर त्या एका साइटला दोष देण्यात अर्थ नाही.

फोनवर ही रांग नसते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चौकोनात टॅबची संख्या तेवढी दिसते. संख्या 99 च्या पुढे गेली की आकड्याऐवजी `:D` असा हसरा चेहरा येतो. तो दिसला म्हणून फोन मंद असण्याचं कारण सापडलं असं होत नाही, कारण क्रोम जुने टॅब स्मृतीतून काढूनच ठेवतो. पण ‘मघाशी भरलेला फॉर्म कुठे गेला’ या प्रश्नाचं उत्तर त्या शंभर टॅबांत असण्याची शक्यता मात्र बरीच असते.

एक चित्र, पायरीपायरीने

आता एक पूर्ण प्रकरण. प्रसंग रचलेला आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा रोजच्या वापरातला आहे. वसतिगृहात राहणारी भाची मामाला लिहिते, “मामा, साइट उघडत नाहीये, काय करू?” सोबत डॉक्युमेंट म्हणून आलेली फाइल: `Screenshot 2025-07-30 225210.png`. निरोप पोचला त्याच रात्री 10:54 ला. चित्रात क्रोमचं पान आहे, ‘Your connection is not private’ आणि खाली बारीक अक्षरांत `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. त्याच्या खालचं सगळं कापलेलं. वर तीन टॅब अर्धे दिसतात: पहिला ‘Inbox (3)’, दुसरा ‘Compress PDF to 25…’, तिसरा म्हणजे हाच, ज्यावर ‘Privacy error’ लिहिलंय.

हा संदेश म्हणतो की साइटच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही. याची नेहमीची कारणं दोन. एक तर लॅपटॉपचं घड्याळ चुकलंय, किंवा साइटवाल्यांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलेलं नाही. पहिल्यात उपाय भाचीच्या हातात आहे, दुसऱ्यात मुळीच नाही. त्यामुळे पहिलं काम हे दोन वेगळे करण्याचं.

खालचा कोपरा कापला गेल्यामुळे घड्याळ दिसत नाही. पण फाइलचं नाव ज्या धाटणीचं आहे ती विंडोजच्या स्निपिंग टूलची, आणि ते नाव लॅपटॉपच्या घड्याळावरूनच पडतं. त्यात 30 जुलै, 22:52:10 अशी नोंद आहे आणि निरोप दोन मिनिटांत पोचला. म्हणजे घड्याळ बरोबर आहे. जुन्या डेस्कटॉपवर हा हिशेब अनेकदा उलटा निघतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग फाइलचं नाव 2018 किंवा 2019 असं काहीतरी सांगतं. तसं असतं तर एकही सुरक्षित साइट उघडली नसती.

दुसरा पुरावा ‘Inbox (3)’ हा टॅब. मेल उघडलेला असेल तर घड्याळही ठीक आहे आणि नेटही. मात्र हा पुरावा पहिल्याइतका पक्का नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की क्रोम जुने टॅब नावासकट परत मांडतो, पान प्रत्यक्ष लोड झालेलं नसलं तरी. घड्याळाचा निष्कर्ष म्हणूनच फाइलच्या नावावर टेकवायचा, टॅबवर नाही.

तिसरी शक्यता वसतिगृहाच्या वाय-फायची. अशा जाळ्यांत आधी लॉगिनचं पान मधे येतं आणि त्यामुळेही असा इशारा दिसतो. पण तेव्हा तक्रार बहुधा प्रमाणपत्र देणाऱ्याबद्दल किंवा साइटच्या नावाबद्दल असते, `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` किंवा `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` अशा शब्दांत, तारखेबद्दल नाही. म्हणून ही शक्यता मागे पडते, पण पुसली जात नाही.

उरतं ते साइटचंच मुदत संपलेलं प्रमाणपत्र. याची खात्री ज्या जागी लिहिलेली असते, नेमकी तीच कापली गेलीय. त्या पानावर ‘Advanced’ दाबलं की क्रोम स्पष्ट सांगतो की प्रमाणपत्राची मुदत किती दिवसांपूर्वी संपली, आणि तुमच्या संगणकाची तारीख अमुक आहे, ती बरोबर वाटते का, असंही विचारतो.

इथवर सगळं यंत्राबद्दल झालं. आता माणूस. मधला टॅब पीडीएफ लहान करण्याचा आहे, आणि ‘25…’ च्या पुढे बहुधा 256 केबीतला सहा आहे, कारण आपल्याकडच्या सरकारी अर्जांत ही मर्यादा ओळखीची. म्हणजे ती साइट वाचायला नाही, कागदपत्रं चढवायला गेलीय. रात्रीचे अकरा वाजत आलेत, महिना संपत आलाय. शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जाची शेवटची तारीख असावी का? असू शकते. पण हा अंदाज आहे, घड्याळासारखा निष्कर्ष नाही. त्यामुळे मामाचं उत्तर असं जातं: “अगं, तुझ्या लॅपटॉपचं काही बिघडलेलं दिसत नाही. फोनचं वाय-फाय बंद कर आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघड. तिथेही हेच येतं का? अर्जाची मुदत आज आहे का? आणि ‘Proceed’ असं काही दिसलं तरी ते दाबून आधार वगैरे भरू नकोस.”

फोनवरही तेच आलं तर दोष सर्व्हरचा, हे जवळपास नक्की. मग ‘साइट कशी उघडायची’ हा तिचा मूळ प्रश्नच मागे पडतो. खरी गरज अशी होते की मुदतीच्या आत प्रयत्न केल्याचा पुरावा हाती असावा: तारीख, वेळ आणि पत्ता दिसेल असा न कापलेला स्क्रीनशॉट, आणि हेल्पडेस्कला त्याच रात्री केलेला मेल. तिने विचारलं होतं एक, तिला लागणार होतं दुसरं, आणि ते कळलं पीडीएफच्या अर्ध्या टॅबवरून.

चुकतं कुठे

या वाचनाचे ठरावीक खड्डे आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे पडदा पाठवणाऱ्याचाच आहे हे गृहीत धरणं. सायबर कॅफेतल्या किंवा ई-सेवा केंद्रातल्या संगणकावरचे टॅब आधीच्या गिऱ्हाइकाचे असू शकतात. घरातला एकच लॅपटॉप चौघं वापरतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र दुसऱ्या कुणाचं पुढे ढकललेलं असलं, तर बॅटरी, वेळ, टॅब सगळं त्या तिसऱ्या माणसाचं असतं. ‘Forwarded’ हे बारीक अक्षर आधी बघायचं ते यासाठी. पण चित्र सेव्ह करून पुन्हा पाठवलं असेल तर तेही दिसत नाही.

दुसरा खड्डा आपलं आपणच पटवून घेण्याचा. टॅबवर एखाद्या आजाराचं नाव दिसलं, शेजारी विमा कंपनीचं पान दिसलं, की मनात गोष्ट तयार होते. कदाचित ती व्यक्ती पुतण्याचा शाळेचा प्रकल्प करत असेल. अंदाज तपासायची सोपी कसोटी अशी: हा अंदाज चुकला तर आपलं उत्तर निरुपयोगी होईल का? होणार असेल, तर आधी विचारावं. नुसता सूर बदलणार असेल, तर विचारण्यात वेळ घालवायची गरज नाही.

तिसरा खड्डा बनावट चित्राचा. ब्राउझरमधल्या ‘Inspect’ या सोयीने कुठल्याही पानावरचा मजकूर आपल्या पडद्यापुरता बदलता येतो, त्याला संपादनाचं सॉफ्टवेअरही लागत नाही. पैसे दिल्याचे खोटे पडदे बनवणारी अ‍ॅपही फिरत असतात. त्यामुळे पैसे मिळाल्याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट धरायचा नाही, आपल्याच खात्यातली नोंद बघायची. बनावट चित्र कधी कडांवरच सापडतं. आयफोनच्या पट्टीत 9:41 वाजलेले असले आणि बॅटरी, सिग्नल काठोकाठ भरलेले असले, तर तो जाहिरातीसाठी किंवा नमुन्यासाठी बनवलेला पडदा असू शकतो. अ‍ॅपल आपल्या जाहिरातींत वर्षानुवर्षं हीच वेळ दाखवत आलीय. अर्थात 9:41 रोज दोनदा वाजतात, तेव्हा एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही.

दिसलं तरी किती बोलावं

कडा वाचता येणं आणि वाचलेलं बोलून दाखवणं यांत फरक आहे. ज्याने चित्र कापलं त्याने काहीतरी झाकायचा प्रयत्न केलेला असतो, आणि कात्री नेहमी हव्या तिथे लागतेच असं नाही. नोकरी शोधण्याच्या साइटचा टॅब ऑफिसच्या चित्रात अर्धा राहून गेला, तर हेल्पडेस्कच्या माणसाने तो बघितला तरी न बघितल्यासारखा ठेवायचा असतो. रूढ संकेत सोपा आहे: उत्तराला ज्या खुणेची गरज आहे तिचाच उल्लेख करायचा. भाचीला ‘तुझं घड्याळ बरोबर दिसतंय’ सांगणं ठीक. ‘तीन मेल वाचायचे राहिलेत’ हे सांगायचं काही कारण नाही.

कापलेलं खरोखर गेलेलं असतं का, हाही प्रश्न आहे. मार्च 2023 मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिलं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप साधनाने कापलेल्या चित्रांतून मूळ चित्राचा बराच भाग परत मिळवता येतो. कारण क्षुल्लक होतं. कापलेलं लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जाई, पण फाइलची उरलेली शेपटी छाटली जात नसे. पडद्यावर कापलेलं दिसे, फाइलमध्ये जुनं उरे. ‘अक्रॉपलिप्स’ या नावाने हा दोष गाजला. काही दिवसांतच विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेल्या फाइली जिथे होत्या तिथेच राहिल्या. चित्र वाटेत पुन्हा संकुचित होत असेल तर ती शेपटी नाहीशी होते. जशीच्या तशी गेलेली फाइल ती सोबत नेते. म्हणजे नाव टिकावं म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगण्याची दुसरी बाजू ही.

ऑफिसांतला रोजचा प्रकार याहून साधा आहे. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये चित्र टाकून तिथेच कापलं, तर कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो आणि कुणीही कडा ओढून तो परत आणू शकतो. तो खरोखर घालवायचा असेल तर ‘Compress Pictures’ मध्ये जाऊन ‘Delete cropped areas of pictures’ ही खूण करावी लागते. मदत करणाऱ्याला अशी फाइल आली तर कडा ओढून बघायचा मोह होतो. तिथे सरळ मार्ग दुसरा आहे: वरची पट्टी लागेल असं सांगून नवीन चित्र मागवायचं, आणि खाजगी टॅब आधी बंद करायला सवड द्यायची.

नवीन चित्र मागवताना तीन गोष्टी सांगितल्या तर बहुतेक वेळा दुसरा फेरा लागत नाही. संपूर्ण पडद्याचं चित्र हवं, म्हणजे विंडोजवर `Win+PrtSc`, ज्याने न कापलेलं चित्र थेट ‘Screenshots’ या फोल्डरमध्ये पडतं. चुकीचा संदेश मजकूर म्हणून कॉपी करता येत असेल तर तोही सोबत हवा, कारण `NET::ERR_CERT_DATE_INVALID` सारखी ओळ बघून टाइप करताना एक अक्षर इकडेतिकडे झालं तर शोध भलतीकडेच जातो. आणि एक वाक्य हवं, हे पान उघडून पुढे काय करायचं होतं त्याचं. टॅबवरून जे ताडावं लागतं ते या वाक्यात सरळ मिळतं. गंमत अशी की ‘काय येतंय’ विचारलं तर लोक पुन्हा तेच चित्र पाठवतात. ‘काय करायला गेला होतात’ विचारलं की मात्र शिष्यवृत्ती, मुदत, वडिलांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र असं सगळं दोन मिनिटांत लिहून येतं.